फोनची जागा सारखी भरते, फुकटातलं नेमकं कुठलं स्टोरेज घ्यावं? (आईच्या फोनसाठी)

रेवा_सिडको
नमस्कार मंडळी. आईचा फोन 64 जीबीचा आहे, अँड्रॉइड. गेले काही महिने सतत "जागा संपली" असा मेसेज येतो, कॅमेरा उघडला तरी फोटो निघत नाही. नातवाचे फोटो, भजनी मंडळाचे व्हिडिओ, सगळं तिला जपून ठेवायचंय, त्यामुळे सरसकट डिलीट कर म्हणायची सोय नाही. पैसे भरून दर महिन्याचं काही घ्यायला ती तयार नाही आणि मला पण वाटतं आधी फुकटातलं नीट वापरावं. नेटवर बघितलं तर एक 15 जीबी देतंय, एक 20, एक 5, एक 2, आणि काही तर थेट 1 टीबी म्हणतात. यातलं नवशिक्या माणसाने काय बघून निवडायचं? मी स्वतः यातली जाणकार नाही, आणि आई त्याहून नवीन, हे धरून सांगा.

सातपूरकर
मेगा नावाचं ॲप घ्या. 20 जीबी फुकट. विषय संपला.

पंचवटीचा_पम्या
ताई कशाला शोधताय, गुगल फोटोज आहे की फोनमध्ये. त्यात ओरिजिनल न ठेवता हाय क्वालिटी सिलेक्ट केलं की अनलिमिटेड फोटो जातात, जागाच मोजत नाहीत. माझे कॉलेजपासूनचे सगळे आहेत तिथे, एक रुपया दिला नाही आजवर.

गोदाकाठ
पम्या, तुझं अर्धं बरोबर आहे आणि त्या अर्ध्यामुळेच लोक फसतात. 1 जून 2021 च्या आधी हाय क्वालिटीत चढवलेले फोटो मोजले जात नाहीत हे खरं, म्हणून तुझे जुने फोटो अजून फुकटात बसलेत. पण त्या तारखेपासून चढवलेला प्रत्येक फोटो 15 जीबीत मोजतात, मग तो ओरिजिनल असो नाहीतर छोटा केलेला. आता त्या पर्यायाचं नाव Storage saver आहे. तू एकदा one.google.com/storage उघडून बघ, तुझा आकडा पण हललेला दिसेल.

रेवाताई, निवडायच्या आधी दोन गोष्टी सांगाल का. फोनच्या सेटिंगमध्ये स्टोरेजखाली कशाने किती जागा खाल्लीय ते, आणि वर दिलेल्या पानावर आईच्या गुगल खात्यात काय किती आहे ते. फोनची जागा वेगळी आणि खात्याची जागा वेगळी, दोन्ही भरल्याचे मेसेज साधारण सारखेच दिसतात आणि माणूस चुकीच्या ठिकाणी साफसफाई करत बसतो.

ओझरचा_विक्या
64 चा फोन आहे तर रॅम कमी असणार. सेटिंगमध्ये रॅम वाढवायचा पर्याय असतो तो चालू करा, माझ्या फोनला 4 ची 8 झाली, हँग व्हायचं बंद झालं.

सातपूरकर
विक्या, त्या फोटो कुठे ठेवू विचारताहेत, फोन हँग होतो असं कुठे म्हणाल्या. आणि ती वाढीव रॅम फोनच्या स्टोरेजमधूनच कापून घेतात रे. त्यांच्याकडे आधीच जागा नाही, अजून 4 जीबी जाईल. उलट चालू असेल तर बंद करायला सांग.

ओझरचा_विक्या
अरे हो की. हे माहीत नव्हतं. आईच्या फोनमध्ये बघून घ्या मग ताई.

रेवा_सिडको
रॅमचं बघितलं, बंदच आहे.

गोदाकाठ, हे आकडे. फोनमध्ये: सिस्टिम 17, ॲप्स 11, कॅमेऱ्याचे फोटो-व्हिडिओ 13, व्हॉट्सॲप 19. एकूण 60 होतंय.
गुगल खात्यात: फोटोज 6.2, व्हॉट्सॲप बॅकअप 5.8, जीमेल 2.1, ड्राइव्ह 0.3. म्हणजे 15 पैकी 14.4. हे तर आधीच भरलेलं आहे! म्हणून मला वाटतंय दुसरीकडे जायलाच लागेल, 20 वालं बरं का?

गोदाकाठ
जाऊ नका इतक्यात. मी गंगापूर रोडला रविवारी ज्येष्ठ मंडळींना फोन शिकवतो, तिथे दहातल्या सात-आठ जणांचं चित्र असंच असतं. सावकाश सांगतो.

तुमच्या आकड्यात एक गोष्ट दोनदा मोजली जातेय. व्हॉट्सॲपवर आलेले व्हिडिओ फोनमध्ये 19 जीबीत आहेत. तेच व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये गुगल खात्यात जाताहेत (पूर्वी हा बॅकअप फुकट होता, 2024 पासून अँड्रॉइडवर तो पण 15 जीबीत धरायला लागले). आणि गुगल फोटोजला व्हॉट्सॲपचे फोल्डर जोडलेले असतील तर तेच व्हिडिओ तिसऱ्यांदा फोटोजच्या 6.2 मध्ये पण बसलेले असणार. एक "शुभ सकाळ" तीन ठिकाणी भाडं न देता राहतंय.

म्हणून क्रम असा ठेवा.

आधी व्हॉट्सॲप. सेटिंग, Storage and data, Manage storage. वरच "Larger than 5 MB" आणि "Forwarded many times" असे दोन ढीग करून दिलेले असतात. आईला शेजारी बसवा आणि फॉरवर्डचा ढीग आधी काढा, त्यात घरचं काही फारसं नसतंच. मोठ्या फायलींच्या ढिगात मात्र नातवाचे व्हिडिओ असू शकतात, तो एकेक बघून. त्याच जागी मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा, नाहीतर पुढच्या संक्रांतीला परत इथेच याल.

मग व्हॉट्सॲपच्याच सेटिंगमध्ये Chats, Chat backup. तिथे "Include videos" असतं ते बंद करा आणि लगेच एकदा बॅकअप घ्या. नवा बॅकअप जुन्याची जागा घेतो, त्यामुळे 5.8 चा आकडा बराच खाली येईल.

मग गुगल फोटोजच्या बॅकअप सेटिंगमध्ये "Back up device folders" उघडा आणि WhatsApp Images, WhatsApp Video बंद करा. फक्त कॅमेरा चालू. आता यात एक लक्षात घ्या, फोल्डर बंद केल्याने पुढचं थांबतं, आधी चढलेलं तसंच राहतं. ते हाताने काढायला लागतं. व्हॉट्सॲपच्या फोटोच्या नावात WA असतं, IMG-20230114-WA0012.jpg असं, त्यावरून ओळखू येतो.

एवढं झालं की बघा 15 मध्ये किती उरतं. आईने स्वतः काढलेले 13 जीबी फोटो-व्हिडिओ Storage saver ने चढवले तर त्याहून कमी जागेत बसतील, कारण 16 मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो छोटे होतात आणि व्हिडिओ जास्तीत जास्त 1080 चा ठेवतात. म्हणजे नवीन खातं, नवीन ॲप, नवीन पासवर्ड काहीच नको.

सगळं चढलं, वर "Backup complete" दिसलं की मग आणि मगच Free up space. बॅकअप घेतल्याने फोनची जागा मोकळी होत नाही, तो नुसती दुसरी प्रत करतो. जागा या बटणानेच मोकळी होते.

निवृत्त_मास्तर
गोदाकाठ यांचं बाकी सगळं पटलं पण व्हिडिओ बॅकअपमधून काढण्याला माझा विरोध आहे. उद्या फोन पडला, गोदावरीत गेला, नवीन फोन घेतला, तर चॅटमधले नातवाचे व्हिडिओ परत येणार नाहीत. मुलगा अमेरिकेतून व्हिडिओ पाठवतो ते सगळे चॅटमध्येच असतात, माझ्या कॅमेऱ्यात कुठून येणार? आमच्या वयात तेच तर जपायचं असतं.

गोदाकाठ
सर, रास्त शंका आहे. चॅटमधले जे व्हिडिओ खरंच हवेत ते उघडून वरच्या मेनूतून Save करायचे, म्हणजे ते गॅलरीत येतात. मग फोटोजमध्ये त्यांचा वेगळा फोल्डर तेवढा बॅकअपला जोडायचा. कष्ट आहेत, पण सगळा पूर जपण्यापेक्षा पाच घागरी भरून ठेवणं परवडतं.

निवृत्त_मास्तर
मी तर ओटीजी पेन ड्राइव्ह वापरतो. फोनला थेट लागतो, फाइल्स ॲपमधून कॉपी, झालं. कोणाचं खातं नको, कोणाची मर्यादा नको.

रेवा_सिडको
सर, हे पण करता येईल आईला. पण पेन ड्राइव्ह हरवण्यात आमचं घर पटाईत आहे 😊

दिंडोरी_बागाईतदार
मध्येच माझं घुसवतो, चालेल ना? माझा विषय थोडा वेगळा. द्राक्षबागेचे फोटो काढतो, डाऊनी, भुरी असला रोग दिसला की पानाचा फोटो, फवारणीच्या आधीचा नंतरचा, सल्लागाराला दाखवायला. गोडी छाटणीपासून हार्वेस्टिंगपर्यंत रोजचे. मागच्या हंगामाचे फोटो यंदा लागतात, कुठल्या प्लॉटला कधी काय झालं बघायला. मी काय करतो, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करून ठेवतो सगळे फोटो. म्हणजे ते ढगात गेले ना? तरी फोन भरतोच कसा काय?

गोदाकाठ
दादा, तिथे अडचण आहे. व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवलेला फोटो तुमच्या फोनमध्येच Sent फोल्डरमध्ये राहतो. म्हणजे कॅमेऱ्यातला एक आणि हा एक, जागा वाढली. शिवाय व्हॉट्सॲप साधा पाठवलेला फोटो दाबून लहान करतं, पानावरचे बारीक डाग त्यात पुसट होतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फोटोच्या आत जी काढल्याची तारीख-वेळ असते ती निघून जाते. तुम्हाला तर तारीखच हवीय.

तुमच्यासाठी गुगल फोटोजच, पण ओरिजिनलवर. फोटो साधारण 3-5 एमबीचा धरला तर 15 जीबीत तीनेक हजार बसतात. तुमचा फोन भरतोय तो फोटोंनी नाही, व्हिडिओने भरत असणार. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 4K असेल तर मिनिटाला साडेतीनशे एमबीच्या आसपास जातात, फुल एचडी केलं तर शंभर-सव्वाशे. बागेतून चालत केलेल्या व्हिडिओला 4K ची गरज नाही.

दिंडोरी_बागाईतदार
4K च होतं. पोराने करून ठेवलेलं. बदललं. पण शेतात नेट कमी, रोजचा दीड जीबीचा पॅक, फोटो चढणार कसे?

सातपूरकर
वायफायवरच बॅकअप असं सेटिंग ठेवा, रात्री घरी चार्जिंगला लावला की चढतात. घरी वायफाय नसेल तर बॅकअपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाची रोजची मर्यादा ठरवता येते, व्हिडिओ वगळून. आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा त्या वेळी, काही कंपन्यांचे फोन मागे चाललेलं ॲप मारून टाकतात, सकाळी बघावं तर दहाच फोटो गेलेले. मेगात मला हाच त्रास झाला होता, ॲप उघडं ठेवलं तर पूर्ण झालं.

कॉलेजरोड_मधुरा
आयफोनवाल्यांचं पण सांगा कोणीतरी. 5 जीबी देतात आणि त्यात फोनचा बॅकअप पण आणि फोटो पण. कधीच संपलं. मी एकदा हुशारी करून "क्लाउडवर आहेत ना" म्हणून फोनमधले फोटो डिलीट केले तर क्लाउडवरचे पण गेले. Recently Deleted मध्ये सापडले म्हणून वाचले.

गोदाकाठ
मधुरा, हाच या धाग्याचा खरा मुद्दा आहे आणि तू बरोबर जागी बोट ठेवलंस. रेवाताई, तुम्ही विचारलं होतं काय बघून निवडायचं. जीबीचा आकडा दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला प्रश्न हा, की फोनमधून फोटो काढला तर तिकडचा राहतो का जातो?

आयक्लाउड फोटोज म्हणजे आरसा. इकडे पुसलं की तिकडे पुसलं. तिथे फोनची जागा वाचवायला डिलीट नाही करायचं, Optimise iPhone Storage चालू करायचं, मग फोन स्वतः मोठी प्रत वर ठेवून खाली छोटी ठेवतो. Recently Deleted मध्ये 30 दिवस मिळतात.

गुगल फोटोज दोन्ही करतं म्हणून गोंधळ होतो. त्या ॲपमध्ये फोटो निवडून साधं डिलीट केलं तर दोन्हीकडून जातो. Free up space केलं तर फक्त फोनमधला जातो.

मेगाचं कॅमेरा अपलोड एकतर्फी आहे. फोनमधून काढलं तरी तिकडे राहतं. सातपूरकरांच्या बाजूने हा मुद्दा मी मान्य करतो, नवशिक्यासाठी हे समजायला सोपं आहे.

कुठलंही घ्या, पहिल्या दिवशी हे करून बघा: चार बिनकामाचे फोटो काढा, चढू द्या, फोनमधून काढा, आणि दुसऱ्याच्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर त्या खात्यात शिरून ते दिसतात का बघा. दिसले तरच पुढचं.

सातपूरकर
धन्यवाद मालक, एवढ्या वेळाने न्याय मिळाला 😄 पण एक मीच सांगतो, मेगाचा पासवर्ड विसरला आणि रिकव्हरी की जपून ठेवली नसेल तर डेटा गेला. कंपनीला पण उघडता येत नाही, एन्क्रिप्शनच तसं आहे. ज्यांचे पासवर्ड मुलं लक्षात ठेवतात त्यांनी ती की कागदावर लिहून कपाटात ठेवावी. आणि फुकट खात्यात एकदम सगळं खाली उतरवायला गेलात तर मध्येच मर्यादा लागते, थांबायला लागतं.

पंचवटीचा_पम्या
मग सोपा उपाय सांगू का, गुगलची तीन-चार खाती काढा. 15 गुणिले 4, 60 जीबी. माझा मित्र असंच करतो.

निवृत्त_मास्तर
आणि कुठल्या खात्यात कुठलं लग्न होतं हे कोण लक्षात ठेवणार?

गोदाकाठ
दोन वर्षं ज्या गुगल खात्यात कोणी शिरलंच नाही ते खातं गुगल पुसू शकतं, हा नियम आहे. चौथं खातं असंच जातं. एक जादाचं खातं, फक्त जुन्या वर्षांसाठी, एवढं मी समजू शकतो. तेसुद्धा दिवाळीच्या साफसफाईला एकदा उघडून बघायचं.

पंचवटीचा_पम्या
मला अजून पण चालेल असंच वाटतं, वहीत लिहून ठेवायचं. बघू.

रेवा_सिडको
रिपोर्ट देते. काल आई आणि मी बसलो. व्हॉट्सॲप 19 वरून 6 वर आलं!! फॉरवर्डचाच ढीग 9 जीबीचा होता. बॅकअप व्हिडिओशिवाय घेतला, तो 5.8 चा 0.7 झाला. पण गुगल फोटोजमधून व्हॉट्सॲपचे इतके फोटो काढले तरी तिथला आकडा 6.2 च दाखवतोय. काही चुकलं का?

कॉलेजरोड_मधुरा
बिन रिकामा केलात का?

गोदाकाठ
मधुराने सांगितलं तेच. बॅकअप झालेला फोटो डिलीट केला की 60 दिवस बिनमध्ये राहतो आणि तोपर्यंत जागेत मोजतात. पण रिकामा करायच्या आधी आईला एकदा बिन दाखवा, घाईत एखादा घरचा फोटो गेलेला असतो. जीमेलचा बिन पण जागेत मोजतात.

अजून एक, आणि हे Free up space च्या आधी. ते गुगल खातं कोणी काढलं होतं? पासवर्ड माहीत आहे?

रेवा_सिडको
बिन रिकामा केला, 6.2 चे 2.4 झाले. म्हणजे एकूण 15 पैकी साडेपाच. 13 जीबीचे फोटो चढायला लागलेत.

खातं मेन रोडच्या एका दुकानदाराने फोन घेताना काढून दिलेलं. पासवर्ड आम्हाला कोणालाच माहीत नाही. रिकव्हरी नंबर पण आईचा नाही, कोणाचा आहे कोण जाणे.

गोदाकाठ
मग इथे थांबा. Free up space अजिबात दाबू नका. आत्ता फोटोची एक प्रत फोनमध्ये आहे म्हणून निर्धास्त आहात. ते बटण दाबलं की एकुलती एक प्रत अशा खात्यात राहील ज्याची किल्ली तुमच्याकडे नाही. फोन रीसेट झाला, बिघडला, की आत शिरता येणार नाही.

फोनमध्ये खातं चालू आहे तोवर बदलणं शक्य आहे. सेटिंगमध्ये गुगल, खातं, सिक्युरिटी. पासवर्ड बदलायला जुना मागेल, तिथे विसरला म्हणायचं, मग बऱ्याचदा याच फोनचा स्क्रीन लॉक विचारून पुढे जाऊ देतं. आत गेलात की आधी रिकव्हरी नंबर आईचा आणि ईमेल तुमचा घाला, अनोळखी नंबर काढा. गुगल कधीकधी असे बदल लगेच लागू करत नाही, काही दिवस थांबवतं, तेव्हा घाबरू नका.

नाहीच जमलं तर आईच्या नावाने नवीन खातं, नवा पासवर्ड वहीत, आणि फोटो त्यात चढवायचे. तसं करायला लागलं तर 15 जीबी कोरे मिळतील, तो त्यातल्या त्यात फायदा.

निवृत्त_मास्तर
आणि तोवर मास्तरांचा पेन ड्राइव्ह. तेरा जीबीला 32 चा पुरतो. हरवू नये म्हणून देवघराच्या खणात ठेवा, तिथून आमच्या घरी काही हलत नाही.

रेवा_सिडको
सर आज संध्याकाळीच आणते. स्क्रीन लॉकवरून पासवर्ड बदलून झाला, रिकव्हरी नंबर बदललाय पण खरंच "काही दिवसांनी लागू होईल" असं आलं. तोपर्यंत बटण दाबत नाही.

ओझरचा_विक्या
मी माझं पण खातं तपासलं आत्ता, रिकव्हरीला जुनं सिम आहे जे कधीच बंद पडलं. बदलतोय.

दिंडोरी_बागाईतदार
गोदाकाठ साहेब, एक राहिलं. मागच्या दोन हंगामांचे फोटो व्हॉट्सॲपवरच आहेत, मूळचे केव्हाच डिलीट केले. त्यांच्या तारखा परत मिळतील का?

गोदाकाठ
वेळ नाही मिळणार, पण दिवस मिळेल. फाइलच्या नावात IMG- नंतरचे आठ आकडे हे पाठवल्याचा दिवस असतात, आणि तुम्ही काढले त्याच दिवशी स्वतःला पाठवत असाल तर तोच खरा दिवस. फाइलचं नाव न बदलता फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, प्लॉटप्रमाणे वेगळे करा. सल्लागाराला दाखवायला तेवढं चालेल. एक्स्पोर्टच्या कागदाला लागणार असेल तर त्यांना आधी विचारा, ते मला सांगता येणार नाही.